मिरचीचा मळा, ओलावा सेन्सर आणि मामीचा ओव्हन: पेडण्यातल्या जुळवणीच्या नोंदी

11 जानेवारी

मामांचा मिरचीचा मळा पेडणे तालुक्यात मरडावर आहे. तिळारीचा कालवा खालच्या अंगाने जातो, त्यामुळे वर सगळी भिस्त बावेवर आणि ठिबकवर. दिवाळीनंतर मी त्यांना एक ओलावा सेन्सर बसवून दिला होता. बाजारात मिळतो तो साधा कपॅसिटिव्ह, काळ्या पट्टीचा, सोबत ESP32 बोर्ड. फोनवर टक्के दिसतात आणि टक्के 40 च्या खाली गेले की "पाणी द्या" असा निरोप येतो.

आज सकाळी मामांचा फोन. "अरे, तुझं यंत्र 46 टक्के म्हणतंय, आणि मिरची अकरा वाजताच मान टाकतेय. कोणाचं ऐकू?"

मिरचीचं ऐका म्हटलं, ठिबक सोडा. संध्याकाळी जाऊन प्रोग्राम उघडला. बहुतेक तयार प्रोग्रामांत असतं तेच त्यात होतं. सेन्सर हवेत धरल्यावर येणारा आकडा म्हणजे 0 टक्के, पेल्यातल्या पाण्यात बुडवल्यावर येणारा म्हणजे 100, आणि मधली सरळ वाटणी. आमच्या सेन्सरचे हे आकडे हवेत 2400 मिलिव्होल्ट आणि पाण्यात 1080. माती मात्र कधीच नुसतं पाणी नसते. पुरती चिंब झाली तरी तिच्या आकारमानात निम्म्याच्या आसपासच पाणी मावतं, बाकी जागा मातीच्या कणांची. म्हणजे 46 हा मातीतल्या पाण्याचा टक्का नाहीच. हवा आणि पाणी यांच्यामध्ये आपण कुठे उभे आहोत, एवढंच तो सांगतो.

मामांना हवंय ते एकच: कोणत्या आकड्याला ठिबक सोडायचं आणि किती वेळ. त्यासाठी त्याच मळ्यातली माती सुकवून, तिच्यातलं पाणी वजनावर मोजून सेन्सरच्या शेजारी मांडावं लागणार.

12 जानेवारी

आधी सेन्सर नीट केला, कारण लेप दिला की रीडिंग बदलतं. जुळवणी करून मग लेप दिला तर सगळं पुन्हा करावं लागेल. या पट्टीच्या दोन्ही बाजूंना रंगाचं आवरण असतं, पण कापलेल्या कडा उघड्याच असतात. तिथून दमट हवा आत शिरते आणि आकडा हळूहळू सरकत जातो. कडांना नेलपॉलिशचे दोन हात दिले. वरचा इलेक्ट्रॉनिक्सचा भाग प्लास्टिक पाइपच्या तुकड्यात घालून इपॉक्सीने भरला. मग रात्रभर पाण्याच्या पेल्यात ठेवला. सकाळपर्यंत आकडा पाचेक मिलिव्होल्टच्या आत राहिला, म्हणजे आत पाणी जात नाही.

टक्के काढून टाकले. आता बोर्ड सरळ मिलिव्होल्ट दाखवतो:

```
long s = 0;
for (int i = 0; i < 64; i++) {
  s += analogReadMilliVolts(34);
  delay(5);
}
int mv = s / 64;
```

`analogRead` न वापरता `analogReadMilliVolts` घेतलं, कारण ESP32 चं मोजमाप मुळात थोडं वाकडं असतं आणि हे फंक्शन कारखान्यात भरलेली दुरुस्ती वापरतं. पिन 34 घेतली, कारण वायफाय चालू असताना दुसऱ्या गटातल्या पिना रीडिंग देत नाहीत.

हा सेन्सर ओल वाढली की आकडा कमी दाखवतो. मामांना ते उलटं वाटलं, पण म्हणाले चालेल.

15 जानेवारी

संक्रांत उरकली आणि मामीने ओव्हन दिला. अट एकच, मातीचे ट्रे वेगळे हवेत.

मातीसाठी रूढ तापमान 105 अंश सेल्सिअस, वेळ साधारण 24 तास. घरच्या ओव्हनचं बटण 100 वर ठेवून आत ओव्हन-थर्मामीटर टांगला, तर काटा 90 ते 130 च्या मध्ये हेलकावे खात होता. मधे रिकाम्या ट्रेत दोन विटा ठेवल्यावर हेलकावे कमी झाले, 100 ते 112. जास्त तापू न देण्याचं कारण शेणखत. ते जळू लागलं की त्याचं घटलेलं वजनही आपण पाणी म्हणून मोजतो. कुबट वास आला तर बटण खाली.

वीज मधेच जाते, त्यामुळे तास मोजण्यात अर्थ नाही. माती बाहेर काढायची, वजन करायचं, परत आत. दोन तासांच्या अंतराने वजनात एक ग्रॅमचाही फरक पडला नाही की ती सुकली.

वजनात एक गंमत दिसली. सुकलेली माती उघड्या ताटलीत 0.1 ग्रॅमच्या काट्यावर ठेवली. गरम असताना काटा स्थिरच होईना, वर जाणारी गरम हवा ताटली उचलते. थंड होऊ दिली तर आकडा चढायला लागला: 131.2, 131.3, थोड्या वेळाने 131.6. तिथेच बसून पाहिलं, हात लावला नव्हता. आपल्याकडच्या दमट हवेतलं पाणी ही कोरडी तांबडी माती ओढून घेते. म्हणून आता ओव्हनमधून काढली की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि डबा हाताला थंड लागला की झाकणासकट वजन. डब्याचं वजन आधीच करून ठेवलेलं.

18 जानेवारी

पहिली जुळवणी बादलीत केली, कारण सगळीकडे तशीच सांगतात. मळ्यातली माती सुकवली, 2 मिमीच्या चाळणीतून काढली, बादलीत थोडं थोडं पाणी मिसळून दर वेळी सेन्सर खुपसला आणि नमुना ओव्हनला दिला. ठिपके सुरेख एका रेषेत आले. या रेषेप्रमाणे 1610 मिलिव्होल्ट म्हणजे आकारमानाने 33 टक्के ओल.

पण ही माती मळ्यातली राहिलेलीच नाही. चाळणीवर ओंजळभर जांभ्याचे खडे उरले होते, आणि चाळलेली माती बादलीत भुसभुशीत बसली होती. अशा मातीत पट्टीच्या दोन्ही अंगांना हवेच्या बारीक फटी राहतात. सेन्सर पट्टीला चिकटलेली सेंटिमीटरभर जागाच पाहतो, त्यामुळे फट असली की तो माती आहे त्याहून कोरडी समजतो. ही रेषा मळ्यात तपासल्याशिवाय वापरायची नाही.

21 जानेवारी

मळ्यातून ठरलेल्या आकारमानाची माती काढायची होती. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइपची रिंग कापून आणली, आतला व्यास 7 सेंमी, उंची 6. बाहेरून धार लावून घेतली, 250 रुपये. मळ्यात हातोड्याने ठोकली की तीन बोटं जाते आणि खड्यावर अडते. जोर केला तर खडा आत ढकलला जातो, शेजारची माती दाबली जाते, आणि आकारमान खोटं पडतं. काळ्या किंवा पोयट्याच्या जमिनीत रिंग उत्तम चालते, जांभ्यावर नाही. ती आता मामीच्या तुळशीपाशी पणती झाकायला आहे.

त्याऐवजी खड्डा करून पाण्याने आकारमान मोजायचं ठरवलं. वरची 10 सेंमी माती बाजूला करून सपाट जागा करायची. तिथे पातळ लोखंडी पट्टीने चीर पाडायची. पट्टीला खडा लागला तर जागा बदलायची, कारण खड्याने सेन्सरचा लेप खरवडला की तो गेला. चिरेत सेन्सर घट्ट बसवून वरून माती परत लोटायची. हे आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी उजाडताच रीडिंग घ्यायचं, सेन्सर काढायचा आणि त्याच जागी खुरप्याने वीतभर रुंद, 8 सेंमी खोल खड्डा करून निघेल ती सगळी माती डब्यात भरायची. खड्यांसकट, एक कणही न सोडता. मग खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी भरायचं. बाटलीचं वजन आधी आणि नंतर करायचं. जितके ग्रॅम कमी झाले तितके मिलिलिटर खड्ड्याचं आकारमान.

रीडिंग पहाटेच का? सेन्सरवर उन्हाचा परिणाम होतो. दुपारी आणि पहाटे, पाणी न देता, त्याच जागी 30-35 मिलिव्होल्टचा फरक दिसला. मामा पहाटे उठतातच.

24 जानेवारी

एक नमुना सविस्तर लिहून ठेवतो. पुढचे सगळे याच रीतीने झाले.

सेन्सरचं रीडिंग 1610. खड्डा 940 मिलिलिटर. ओली माती 1570 ग्रॅम, सुकल्यावर 1330. पाणी 240 ग्रॅम.

वजनाने ओल: 240 भागिले 1330, म्हणजे 18 टक्के. हा आकडा सेन्सरला लावायचा नाही. सेन्सरला जागेतलं पाणी कळतं, वजनातलं नाही. आकारमानाने: 240 भागिले 940, म्हणजे 25.5 टक्के. फोनवरच्या जुन्या हिशेबाने याच जागी 60 टक्के दिसले असते.

आता खडे. सुकलेली माती चाळली, खडे धुऊन सुकवले: 390 ग्रॅम. मोजपात्रात बुडवून आकारमान घेतलं, 155 मिलिलिटर. जांभ्याचा खडा सच्छिद्र असतो, तोही पाणी धरतो. खडे रात्रभर भिजवून, फडक्याने पुसून वजन केलं तर 410 भरले, म्हणजे 20 ग्रॅम पाणी खड्यांच्या पोटात. मळ्यात ते इतके भरलेले असतीलच असं नाही, पण फरक थोडा आहे म्हणून 20 च धरले.

तर खडे वगळून बारीक मातीची जागा 940 वजा 155, म्हणजे 785 मिलिलिटर. तिच्यातलं पाणी 220 ग्रॅम. ओल 28 टक्के.

म्हणजे एकाच खड्ड्याची दोन उत्तरं, 25.5 आणि 28, आणि दोन्ही बरोबर. सेन्सर आपण मुद्दाम खडा नसलेल्या चिरेत बसवतो, त्यामुळे त्याला दिसते ती बारीक माती. त्याची जुळवणी 28 शी. पाणी किती लिटर द्यायचं हे ठरवताना मात्र पूर्ण जमीन धरायची, खड्यांसकट.

बादलीची रेषा इथे 33 सांगत होती.

2 फेब्रुवारी

एका वाफ्याच्या टोकाचं ठिबक बंद ठेवून जमीन हळूहळू सुकू दिली आणि मधे मधे खड्डे घेतले. बारीक मातीची ओल अशी:

1435 मिलिव्होल्ट: 34.3 टक्के
1500: 31.0
1610: 28.0
1705: 25.6
1790: 21.4

सरळ रेषा बसवली:

```
ओल = 82.5 - 0.0339 * mv
```

सर्वांत दूरचा ठिपका रेषेपासून 0.9 टक्के. एक टक्का म्हणजे साधारण 30 मिलिव्होल्ट. याहून बारीक निर्णय या सेन्सरवर घ्यायचा नाही.

रेषा 1435 ते 1790 एवढ्याच पट्ट्यात खरी मानायची. पाण्यातला 1080 या रेषेत घातला तर ओल 46 टक्के निघते, जी असायला हवी 100. दोन्ही टोकांना रेषा वाकते. त्यामुळेच हवा आणि पाणी या दोन टोकांवरून मधलं काढता येत नाही.

5 फेब्रुवारी

वरची हद्द: वाफसा. थोडी जागा भरपूर भिजवली, बाष्पीभवन होऊ नये म्हणून प्लास्टिकने झाकली आणि दोन दिवस जास्तीचं पाणी खाली उतरू दिलं. मग खड्डा. 1435 चा ठिपका हाच. हिशेबाला 34 टक्के धरतो.

खालची हद्द: झाड ज्याच्या खाली पाणी ओढूच शकत नाही ती ओल. प्रयोगशाळेत यासाठी दाबाचं यंत्र असतं. आम्ही अळसाण्याची रोपं चाळलेल्या मातीच्या डब्यांत वाढवली, मातीवर मेण ओतून तोंड बंद केलं आणि पाणी तोडलं. पानं लोंबली की रात्री ओल्या गोणपाटाखाली झाकायचं. सकाळी ताजी झाली तर अजून पाणी आहे. झाली नाहीत तर संपलं, आणि तीच माती ओव्हनला. वजनाने 15 टक्के आली. मळ्यातल्या बारीक मातीची घनता मिलिलिटरला 1.2 ग्रॅम (1330 वजा 390, भागिले 785), म्हणून आकारमानाने 18 टक्के.

तर झाडाच्या कामाचं पाणी 34 ते 18, म्हणजे 16 टक्के. ढोबळ्या मिरचीसाठी एफएओच्या 1998 च्या पुस्तिकेत यातलं 30 टक्के वापरेपर्यंत झाडाला ताण बसत नाही असं धरलंय, तेच घेतलं. 16 चे 30 टक्के 4.8. म्हणजे ओल 29.2 वर आली की पाणी. रेषेतून ते होतात 1570 मिलिव्होल्ट.

आता मागे वळून जुने आकडे पाहिले. फोनवर "40 टक्के" म्हणजे 1872 मिलिव्होल्ट, रेषा थोडी पुढे ओढली तर 19 टक्के ओल. झाड मरायला टेकल्यावर निरोप आला असता. मामांच्या 46 टक्क्यांना कामाचं पाऊण पाणी संपलेलं होतं. आणि बादलीची रेषा वापरली असती तर 29.2 ला 1720 मिलिव्होल्ट आले असते, जे मळ्यात 24 टक्के आहेत. कामाच्या पाण्यातलं 30 ऐवजी 60 टक्के गेल्यावर ठिबक सुटलं असतं. रेष सुरेख असली तरी.

8 फेब्रुवारी

किती वेळ सोडायचं? इथे खडे धरायचे. पूर्ण जमिनीत वाफशाला 30.5 टक्के आणि खालच्या हद्दीला 17.1. फरक 13.4. मुळं 30 सेंमीपर्यंत आहेत, खाली कडक जांभा लागतो. 300 मिमीचे 13.4 टक्के म्हणजे 40 मिमी, त्याचे 30 टक्के 12 मिमी, म्हणजे चौरस मीटरला 12 लिटर. खडे विसरून बारीक मातीच्या 16 टक्क्यांनी हिशेब केला असता तर 14.4 आले असते. जास्तीचे 2.4 लिटर दर वेळी मुळांच्या खाली, खतासकट.

ठिबकच्या नळ्या 150 मीटर, ओला पट्टा साठेक सेंमी रुंद, म्हणजे 90 चौरस मीटर. 1080 लिटर. ड्रिपरवर 2 लिटर ताशी लिहिलंय, पण आम्ही पाचसहा ड्रिपरखाली वाट्या ठेवून पाव तास मोजलं तर सरासरी 400 मिलिलिटर, म्हणजे 1.6 लिटर. बावेचं पाणी लोहाचं आहे, तोंडं तांबटलीत. 500 ड्रिपरचे ताशी 800 लिटर. एक तास वीस मिनिटं.

मामा आजवर मनाला येईल तेव्हा अर्धा तास सोडत.

14 फेब्रुवारी

पंपाच्या खोलीत दारामागे खडूने लिहिलंय: पहाटेचा आकडा 1550 च्या वर गेला की एक तास वीस. (1570 मधून थोडं आधी, सेन्सरच्या चुकीसाठी.) दुसऱ्या पहाटे आकडा 1430 ते 1460 मध्ये यायला हवा. 1400 च्या खाली आला तर जास्त झालं. 1480 च्या वरच राहिला तर ड्रिपर तुंबलेत, वाट्या लावा.

साधारण तिसऱ्या दिवशी पाणी पडतंय. या उन्हात दिवसाला 4-5 मिमी जातात, त्याच्याशी जुळतं.

19 फेब्रुवारी

ठिबकमधून विद्राव्य खत सोडल्याच्या दुसऱ्या पहाटे आकडा 1395. जास्त पाणी झालं म्हणून मामा ड्रिपर तपासत बसले. खड्डा घेतला तर ओव्हनने 33.6 टक्के दाखवले, म्हणजे नेहमीचा वाफसा. खताच्या क्षारांनी सेन्सर फसला, माती आहे त्याहून ओली सांगू लागला. दोन पाण्यांनंतर आकडा जागेवर आला. खत सोडल्यावर पुढचं पाणी आकडा न बघता तिसऱ्या दिवशी द्यायचं, असं दारामागे वाढवलं. याच कारणाने खाजनाच्या जमिनीत हा सेन्सर लावू नका. तिथे भरतीचं खारं पाणी मुरतं आणि आकडा ओलीपेक्षा मिठावर हलतो.

26 फेब्रुवारी

मामांच्या शेजाऱ्यांना पण हवाय. त्याच दुकानातून, त्याच नावाचा दुसरा सेन्सर आणला. हवेत 2465, पाण्यात 1120. आमची रेषा त्याला जशीच्या तशी चालणार नाही. पूर्ण काम परत करायची गरज नाही: लेप द्यायचा, एकाच खड्ड्यात दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी वाफशाला आणि सुकलेल्या जागी बसवून आकड्यांतला फरक पाहायचा. एका ओल्या आणि एका कोरड्या जागी तरी ओव्हनशी ताडून घ्यायचं. त्यांच्या मळ्यात खडे कमी दिसतात. त्यामुळे ठिबक सोडायची ओल साधारण तीच राहील, पण वेळ जास्त लागेल. त्यासाठी खडे त्यांच्याच खड्ड्यातले मोजायचे.

आजवरचा खर्च: सेन्सर आणि बोर्ड मिळून 750, इपॉक्सी व नेलपॉलिश 180, 0.1 ग्रॅमचा काटा 600, ओव्हन-थर्मामीटर 350, रिंग 250. पाच किलोचा स्वयंपाकघरातला काटा घरचाच. विजेचं बिल मामी अजून बोलली नाही. मातीचे ट्रे तिने ठेवून घेतलेत, मार्चमध्ये शेजाऱ्यांचे नमुने याच ओव्हनमध्ये सुकवायचे आहेत.